काळ-काम आणि नळ-टाकी: जवळजवळच्या पर्यायांतून उत्तर कसे निवडावे?

मुक्ता_वाचते

नमस्कार. स्पर्धा परीक्षेच्या सरावातील एक उदाहरण येथे मांडत आहे. उत्तरसूचीतील उत्तर माझ्याकडे आहे, परंतु ते कसे आले हे मला समजलेले नाही.

"अ हा नळ रिकामी टाकी १२ तासांत भरतो, ब हा नळ तीच टाकी १५ तासांत भरतो आणि क हा नळ भरलेली टाकी २० तासांत रिकामी करतो. टाकी रिकामी असताना पहिला तास फक्त अ, दुसरा तास फक्त ब आणि तिसरा तास फक्त क चालू ठेवला व पुढेही हाच क्रम राहिला, तर टाकी किती वेळात भरेल?"

पर्याय असे आहेत: (१) २८ तास १२ मिनिटे, (२) २८ तास १५ मिनिटे, (३) २८ तास २० मिनिटे, (४) ३० तास.

मी एका फेरीचा हिशेब केला. १/१२ + १/१५ − १/२० = १/१०, म्हणजे ३ तासांत टाकीचा दहावा भाग भरतो आणि पूर्ण टाकीला ३० तास लागतात. उत्तरसूची मात्र पर्याय (२) सांगते. ३० तास का चालत नाहीत हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो: पहिल्या तीन पर्यायांत केवळ काही मिनिटांचा फरक असताना त्यांतला नेमका एक खात्रीने कसा निवडावा?

रेघोटी

माझ्या मते यातील एकही पर्याय बरोबर नाही. तिन्ही नळांचा एका तासाचा एकत्रित परिणाम तुम्ही काढल्याप्रमाणे १/१० येतो, म्हणून टाकी १० तासांत भरायला हवी. छपाईत चूक झाली असावी.

अपूर्णांक

रेघोटी, तिन्ही नळ एकाच वेळी उघडले असते तर १० तास हे उत्तर बरोबर ठरले असते. येथे एका वेळी एकच नळ चालू आहे, त्यामुळे तो १/१० भाग भरायला एक नव्हे, तर तीन तास लागतात. छपाईत चूक नाही.

मुक्ताताई, तुमची फेरी बरोबर आहे. अडचण शेवटच्या फेरीत आहे आणि ती अपूर्णांकांत पटकन दिसत नाही, म्हणून प्रथम पूर्णांकांत येऊ. १२, १५ आणि २० यांचा लसावि ६० आहे. टाकीत ६० एकके पाणी मावते असे धरले, तर अ तासाला ५ एकके भरतो, ब तासाला ४ एकके भरतो आणि क तासाला ३ एकके काढतो. एका फेरीची निव्वळ भर ६ एकके होते. येथपर्यंत तुमचा आणि माझा हिशेब एकच आहे.

आता फेरीच्या आत पाणी कसे वरखाली होते ते पाहा. फेरी सुरू होतानाच्या पातळीपासून पाणी आधी ५ ने वाढते, मग आणखी ४ ने वाढून ९ वर पोहोचते आणि नंतर ३ ने उतरते. दहाव्या फेरीच्या सुरुवातीला टाकीत ५४ एकके आहेत. ३० तास हे उत्तर मान्य केले, तर २९व्या तासाच्या शेवटी टाकीत ५४ + ९ = ६३ एकके पाणी असले पाहिजे, म्हणजे काठाच्या वर ३ एकके पाणी उभे राहून क नळाची वाट पाहत आहे असा त्याचा अर्थ होतो. टाकी त्याआधीच भरली होती आणि प्रश्न तोच क्षण विचारत आहे.

म्हणून पूर्ण फेऱ्या किती घ्यायच्या हे ठरवताना ६० ला ६ ने भागू नये. फेरीतील सर्वांत वरची उडी ९ एककांची आहे, ती ६० मधून वजा केली की ५१ उरतात. फेरी सुरू होताना टाकीत किमान ५१ एकके असतील, तरच त्या फेरीत टाकी भरेल. आठ फेऱ्यांनंतर ४८ असतात, ते पुरत नाहीत, कारण पाणी ५७ पर्यंत चढून पुन्हा खाली येते. नऊ फेऱ्यांनंतर ५४ असतात, ते पुरतात. म्हणजे २७ तासांत ५४ एकके झाली, २८व्या तासात अ ने ५ भरली आणि ५९ झाली. उरलेले एक एकक ब भरतो, त्याचा दर तासाला ४ एकके आहे, म्हणून पाव तास लागतो. उत्तर सव्वाअठ्ठावीस तास.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी सांगायचे, तर हे पर्याय जवळ आहेत यामागे हेतू आहे. शेवटचे एक एकक कोणत्या दराने भागले यावरूनच ते तयार झाले आहेत. अ च्या दराने भागले की १/५ तास, म्हणजे १२ मिनिटे येतात. ब च्या दराने भागले की १५ मिनिटे आणि क च्या दराने भागले की २० मिनिटे. तीन पर्यायांतील फरक मिनिटांचा वाटला तरी तो प्रत्यक्षात "त्या क्षणी कोणता नळ चालू होता" या एकाच प्रश्नाचा फरक आहे. २८ तास संपले आहेत, २८ ला ३ ने भागून बाकी १ उरते, म्हणजे अ ची पाळी नुकतीच झाली आहे आणि आता ब चालू आहे.

सरळरेषा

पद्धत चांगली आहे, पण परीक्षेत लसावि काढत बसण्यापेक्षा मी थेट दशांशांत दर लिहितो. अ चा ०.०८, ब चा ०.०७ आणि क चा ०.०५. फेरीला ०.१० भर पडते, नऊ फेऱ्यांत ०.९० होते. दर काढायचे हे तत्त्व तेच आहे, मग एकके मानण्याची वेगळी गरज मला दिसत नाही.

मुक्ता_वाचते

सरळरेषा, तुमचा हिशेब मी पुढे चालवून पाहिला. ०.९० मध्ये अ चे ०.०८ मिळवले की ०.९८ होतात. उरले ०.०२, त्याला ब च्या ०.०७ ने भागले की ०.२८६ तास, म्हणजे सुमारे १७ मिनिटे येतात. हा आकडा १५ आणि २० यांच्या मध्ये येतो. यातून कोणता पर्याय निवडावा?

अपूर्णांक

मुक्ताताईंनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. दर काढणे हे तत्त्व सरळरेषा यांनी बरोबर सांगितले, परंतु दोन दशांश स्थळांचे दर या प्रश्नाला पुरत नाहीत, आणि ते का पुरत नाहीत हे समजून घेण्यासारखे आहे.

फेरीची भर ०.१० अचूक आली, कारण अ चा दर खाली ओढला गेला (०.०८३३ ऐवजी ०.०८) आणि ब चा दर वर ढकलला गेला (०.०६६७ ऐवजी ०.०७). दोन चुका एकमेकींत जिरल्या. त्यामुळे नऊ फेऱ्यांपर्यंत सगळे ठीक दिसते आणि मनात खोटा विश्वास तयार होतो. शेवटच्या टप्प्यात मात्र अ एकटाच येतो आणि त्याची चूक झाकायला ब नसतो. खरी शिल्लक १/६० म्हणजे ०.०१६७ असताना आपण ०.०२ धरतो. आकड्यांतील फरक नगण्य वाटतो, पण शिल्लकच एवढी लहान आहे की तेवढ्याने ती २० टक्क्यांनी फुगते. मोठ्या संख्येतून जवळजवळ तेवढीच मोठी संख्या वजा केली की उत्तरात मुख्यतः चूकच शिल्लक राहण्याचा धोका असतो. नळ-टाकीच्या आळीपाळीच्या उदाहरणांत शेवटची पायरी नेहमी अशाच वजाबाकीची असते आणि जवळचे पर्यायही नेमके त्याच पायरीवर बेतलेले असतात.

सरळरेषा

मुद्दा मान्य आहे. तरी तीन स्थळे घेतली, तर ०.०८३ आणि ०.०६७ हे दर मिळतात. शिल्लक ०.०१७ आणि वेळ ०.०१७ ÷ ०.०६७, म्हणजे साधारण १५.२ मिनिटे. पर्याय (२) निःसंशय निवडता येतो. दशांश पद्धतच टाकून द्यावी असे मला अजूनही वाटत नाही.

दुपारची_शाळा

तीन स्थळे येथे पुरली, हे खरे. किती स्थळे पुरतील हे पर्यायांतील अंतरावर अवलंबून आहे आणि ते आधी कळत नाही. माझे विद्यार्थी दशांश वापरतात तेव्हा मी त्यांना एवढेच सांगते की शेवटची शिल्लक दोन अंकी सूक्ष्मतेपर्यंत उरली पाहिजे. ०.०२ मध्ये एकच सार्थ अंक आहे, ०.०१७ मध्ये दोन आहेत. एककांच्या पद्धतीत ही काळजीच राहत नाही, म्हणून लसावि सहज निघत असेल तेव्हा मी तीच वापरायला लावते.

निवडलेला पर्याय तपासण्याची एक रीत येथे जोडते, कारण मुक्ताताईंचा प्रश्न खात्रीचा होता. पर्याय हातात घ्यायचा, त्या वेळात प्रत्येक नळ एकूण किती चालला हे लिहायचे आणि टाकीचा जमाखर्च मांडायचा. सव्वाअठ्ठावीस तासांत अ १० तास चालला, ब सव्वानऊ तास आणि क ९ तास. जमा ५० आणि ३७, खर्च २७, शिल्लक बरोबर ६०. आता पर्याय (१) घ्या. ब ९ तास १२ मिनिटे चालला, म्हणजे ३६.८ एकके, आणि एकूण ५९.८ होतात. टाकी अजून भरलेली नाही. पर्याय (३) मध्ये ब ने ३७ एकके आणि वर आणखी एक तृतीयांश एकक भरले, म्हणजे पाणी काठाबाहेर गेले. फेऱ्यांचा विचार करताना कोणी कुठे चुकले असेल, तरी या तपासणीत ते उघडे पडते, कारण येथे फेऱ्या मोजाव्याच लागत नाहीत.

एक सावधगिरी मात्र हवी. पर्याय (४) या तपासणीतून सुटतो. ३० तासांत तिन्ही नळ दहा-दहा तास चालले, ५० + ४० − ३० = ६०. हिशेब जुळतो, तरी उत्तर चूक आहे, कारण टाकी त्याआधी एकदा भरून गेली आहे. म्हणून रिकामा करणारा नळ असेल तेव्हा हिशेब जुळणे पुरेसे नाही. ती पातळी पहिल्यांदा केव्हा गाठली हेही पाहावे लागते.

शिदोरी

मला नळांपेक्षा काळ-कामाच्या उदाहरणांत अडचण येते, म्हणून माझे उदाहरण येथेच विचारते. एक काम प हा १८ दिवसांत आणि फ हा २४ दिवसांत करतो. दोघांनी एकत्र काम सुरू केले, परंतु काम पूर्ण होण्याच्या ३ दिवस आधी प निघून गेला. काम एकूण किती दिवसांत झाले? पर्याय ८ ४/७, ९, १२ आणि १३ २/७ असे आहेत. मी ७२ एकके धरली, प चे दिवसाला ४ आणि फ चे ३. शेवटचे तीन दिवस फ एकटा, म्हणजे ९ एकके. उरलेली ६३ एकके दोघांनी ७ च्या दराने केली, ९ दिवस. उत्तर ९ बरोबर आहे ना?

अपूर्णांक

तुमचे सर्व आकडे बरोबर आहेत. ९ हे दोघांनी एकत्र काम केलेले दिवस आहेत, त्यात फ चे शेवटचे ३ दिवस मिळवले की १२ होतात.

या उदाहरणात पर्याय गाळण्यासाठी दर काढल्यावर लगेच दोन सीमा लिहाव्यात. प शेवटपर्यंत थांबला असता, तर काम ७२/७, म्हणजे १० २/७ दिवसांत झाले असते. तो आधी गेला, म्हणून खरे उत्तर यापेक्षा मोठे असलेच पाहिजे. एवढ्यावरच ८ ४/७ आणि ९ हे दोन्ही पर्याय गळतात. दुसऱ्या बाजूने, तो गेल्यामुळे काम लांबले तरी पूर्ण ३ दिवसांनी लांबू शकत नाही, कारण त्या ३ दिवसांत फ काम करतच होता. म्हणजे १३ २/७ देखील गळतो. उरतो तो १२.

या पर्यायांचा उगमही पाहण्यासारखा आहे. प ने न केलेली ३ दिवसांची १२ एकके ७२ मध्ये मिळवून ७ ने भागली की ८४/७ = १२ मिळतात, ही एक सुबक वाट आहे. तीच १२ एकके मिळवण्याऐवजी वजा केली की ६०/७ = ८ ४/७ येतात. चिन्ह चुकले तरी आकडा दिसायला साधा येतो, म्हणून सीमांचा आधार हवा.

जलतरंग

माझे काम पाण्याच्या साठवण टाक्यांशी संबंधित आहे, म्हणून एक गोष्ट खटकते. तळाशी असलेली तोटी टाकी रिकामी करताना स्थिर दराने पाणी सोडत नाही. पाण्याची उंची जास्त असते तेव्हा धार जोरात असते आणि पातळी उतरते तशी ती मंदावते. धारेचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे उंची चौथाईवर आली की वेग निम्मा होतो. बाजू सरळ असलेल्या टाकीचा वरचा अर्धा भाग एकूण वेळेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी वेळात रिकामा होतो आणि खालच्या अर्ध्याला उरलेला सगळा वेळ लागतो. मग क नळ "तासाला ३ एकके" हे कशाच्या आधारावर धरले? टाकी ५४ आणि ६० च्या दरम्यान असताना तर तो ३ पेक्षा बराच अधिक काढत असणार.

अपूर्णांक

तुमचे निरीक्षण भौतिकदृष्ट्या योग्य आहे. प्रश्नात मात्र प्रत्येक नळाला एकच काळ दिलेला असतो आणि त्यातून एकच दर निघतो. दर स्थिर आहे असे गृहीत धरल्याशिवाय ही उदाहरणे सुटूच शकत नाहीत, कारण टाकीची उंची, तोटीची जागा, काहीच दिलेले नसते. ठरावीक प्रवाहाने पाणी ओढणारा पंप लावला आहे असे क विषयी समजले, तर गृहीतक प्रत्यक्षाच्या बरेच जवळ येते.

दुपारची_शाळा

या चर्चेतून एक जुना मतभेद आठवला, तो मांडते. येथे क्रम अ, ब, क होता. क्रम बदलला तर उत्तर बदलते. ब, अ, क घेतला, तर ५४ वर ब चे ४ मिळून ५८ होतात, उरलेली २ एकके अ च्या दराने २/५ तासांत, म्हणजे २४ मिनिटांत भरतात आणि उत्तर २८ तास २४ मिनिटे येते. येथपर्यंत कोणाचा वाद नसतो.

क्रम क, अ, ब असेल तर काय करावे? टाकी सुरुवातीला रिकामी आहे. पहिल्या तासात क ला काढायला पाणीच नाही, म्हणून पातळी शून्यच राहते. पहिल्या फेरीअखेर टाकीत ६ नव्हे, ९ एकके असतात. पुढे प्रत्येक फेरीला ६ वाढून २७ तासांअखेर ५७ होतात. २८व्या तासात ५४, २९व्यात ५९ आणि मग ब चा पाव तास. उत्तर २९ तास १५ मिनिटे. पहिल्या तासात पाणी शून्याच्या खाली ३ गेले असे मानून सूत्र चालवले, तर मात्र बरोबर ३० तास येतात. माझ्या पाहण्यात दोन्ही प्रकारची उत्तरे देणारी सरावपत्रे आली आहेत.

सरळरेषा

माझ्या मते ३० तास अपेक्षित धरावेत. प्रश्नकर्त्याने दर दिले आहेत, तर त्याला दरांची बेरीज-वजाबाकी अभिप्रेत असणार. क च्या पहिल्या तासाला वेगळा नियम लावणे म्हणजे प्रश्नात नसलेली गोष्ट आपण घालत आहोत.

जलतरंग

नसलेली गोष्ट तर उणे पाणी ही आहे. रिकाम्या टाकीतून ३ एकके कशी निघतील? "टाकी रिकामी असताना" असे प्रश्नातच लिहिलेले असेल, तर २९ तास १५ मिनिटे याशिवाय दुसरे उत्तर मला पटत नाही.

अपूर्णांक

मीही जलतरंग यांच्या बाजूचा आहे. परंतु चार पर्यायांत २९ तास १५ मिनिटे नसेल आणि ३० तास असेल, तर प्रश्नकर्त्याने कोणते गृहीतक वापरले ते पर्यायांवरूनच कळते आणि तेव्हा ३० निवडण्यावाचून मार्ग नाही. दोन्ही पर्याय दिलेले असतील, तर मी २९ तास १५ मिनिटे निवडेन.

मुक्ता_वाचते

सर्वांचे आभार. क, ब, अ हा क्रमही मी सोडवून पाहिला. पहिला तास वाया जाऊ दिला, तर २७ तासांअखेर ५७, मग ५४, मग ५८ आणि शेवटची २ एकके अ ने २४ मिनिटांत, म्हणजे २९ तास २४ मिनिटे. उणे पातळी मान्य केली, तर ५४, ५१, ५५, ६० असे होऊन पुन्हा ३० तासच येतात. उणे पातळी मानल्यास दोन्ही क्रमांचे उत्तर सारखे येते आणि प्रत्यक्ष पाणी धरल्यास त्यांत ९ मिनिटांचा फरक पडतो. दुपारची_शाळा ताई, तुमच्या पाहण्यातील सरावपत्रांत या दुसऱ्या क्रमाचे उदाहरण होते का, आणि त्याखाली कोणते पर्याय दिले होते?

दुपारची_शाळा

क पहिला असलेली उदाहरणे मला क, अ, ब याच क्रमाची मिळाली आहेत. तुमच्या क्रमाचे मिळाले, तर पर्यायांसह येथेच टाकते.